विकलेले कार्ड, न विकलेला माल

दिवाळीच्या तोंडावर कापडदुकानाच्या गल्ल्यावर गिफ्ट कार्डांची चळत लागलेली असते. समजा, पुण्यातल्या अशा एका दुकानातून एका बाईंनी भाचीसाठी २,००० रुपयांचे कार्ड घेतले. पैसे दुकानाच्या बँक खात्यात जमा झाले, पण त्या दिवशीच्या विक्रीत यातला एक रुपयाही धरायचा नाही. अजून कुठलाही कपडा दुकानाबाहेर गेलेला नाही. दुकानाने दिलेला आहे तो फक्त शब्द, आणि तो पाळायचा राहिला आहे. म्हणून हिशेबात एकीकडे बँकेत २,००० जमा दिसतात, तर दुसरीकडे ‘गिफ्ट कार्डांचे देणे’ या खात्यात तेवढीच रक्कम चढते. जीएसटीही या घडीला लागत नाही. असे व्हाउचर देणे म्हणजे माल किंवा सेवा पुरवणे नव्हे, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. कर लागतो तो कार्डावर माल घेतला जातो तेव्हा.

एक महत्त्वाची गोष्ट कार्ड देतानाच पाहावी लागते. छापलेले कार्ड ही निव्वळ प्लास्टिकची पट्टी असते. पैसे मिळाल्यावर गल्ल्यावरून ते चालू केले जाते आणि मगच त्यात शिल्लक येते. म्हणून चळतीतले कार्ड कोणी खिशात घातले तरी त्याचा उपयोग नसतो. खरा धोका असतो तो पैसे न येता कार्ड चालू होण्याचा.

भाचीने पहिल्या फेरीत १,२६० रुपयांचा कुर्ता घेतला. त्यात कपड्याची किंमत १,२०० आणि ५ टक्क्यांनी जीएसटी ६० रुपये. आता कुठे विक्री झाली. देण्याच्या खात्यातून १,२६० उतरले. कार्डावर ७४० उरले. पुढच्या महिन्यात तिने १,८९० रुपयांची साडी घेतली. ७४० कार्डातून गेले आणि वरचे १,१५० तिने यूपीआयने भरले. कार्ड रिकामे झाले.

घरी गेल्यावर रंग पसंत पडला नाही, म्हणून साडी परत आली. कॅशियरने तिला १,८९० रुपये रोख मोजून दिले, तर दुकानातच खर्चायच्या ७४० रुपयांचे नोटांत रूपांतर होते. चोरीच्या कार्डाचे पैसे करून घेण्याचा हा सोपा रस्ता आहे. म्हणून ज्या वाटेने पैसे आले त्याच वाटेने ते परत पाठवणे बरे: ७४० कार्डावर, १,१५० यूपीआयवर. पुष्कळ दुकाने मात्र रोख परत देतच नाहीत. ती पूर्ण १,८९० रुपयांचे स्टोअर क्रेडिट देतात, म्हणजे ‘या रकमेचा माल पुढे केव्हाही घ्या’ अशी नोंद. तेव्हा साडीची विक्री आणि तिच्यावरचे ९० रुपये जीएसटी उलटवायचे आणि १,८९० पुन्हा देण्यात चढवायचे. ग्राहकाच्या हातात कार्ड आणि क्रेडिट सारखेच दिसले, तरी एक नव्या पैशांतून जन्मते आणि दुसरे मोडलेल्या विक्रीतून. म्हणूनच दोन्हींची खाती वेगळी ठेवलेली चांगली.

त्या क्रेडिटवर भाचीने १,१५५ रुपयांचा ड्रेस घेतला. उरले ७३५ रुपये, आणि ते ती विसरून गेली.

या ७३५ रुपयांचे पुढे काय होते, हे कार्ड कोणाचे आहे यावर ठरते. ज्या दुकानाने दिले तिथेच चालणारे कार्ड रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या चौकटीत येत नाही. त्याची मुदत दुकानाने छापलेल्या अटींनुसार चालते. बँकेने किंवा वॉलेट कंपनीने दिलेले, अनेक दुकानांत चालणारे कार्ड मात्र रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांखाली येते. असे गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचे असते. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, त्यातून रोख काढता येत नाही आणि मुदत किमान एक वर्षाची असावी लागते. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कार्डधारकाला एसएमएस किंवा ईमेलने सावध करावे लागते. मुदत संपली तरी बँकेतर कंपनीला उरलेली रक्कम किमान तीन वर्षे स्वतःच्या नफ्यात घेता येत नाही. धारकाने नंतर मागणी केली, तर रक्कम त्याच्या बँक खात्यात द्यावी लागते.

काही पैसे कधीच वापरले जात नाहीत, हे प्रत्येक दुकानदाराला अनुभवाने ठाऊक असते. ते उत्पन्नात केव्हा धरायचे याचा नियम मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड-एएस ११५ या लेखा मानकात आहे. समजा, कंपनीने १,००,००० रुपयांची कार्डे विकली आणि मागच्या वर्षांच्या नोंदींवरून त्यातले १०,००० तसेच राहतील असा भरवशाचा अंदाज आहे. म्हणजे ९०,००० वापरले जातील. मार्चपर्यंत त्यातले निम्मे, ४५,००० वापरले गेले, तर राहून जाणाऱ्या रकमेतलेही निम्मे, म्हणजे ५,००० उत्पन्नात घेता येतात. देणे उरते ५०,०००. जुन्या नोंदी नसलेल्या नव्या दुकानाला असा अंदाज बांधता येत नाही. कार्ड वापरले जाण्याची शक्यता जवळपास संपेपर्यंत त्याला थांबावे लागते.

हे सगळे आकडे खरे आहेत की नाहीत, हे महिनाअखेरच्या एका बेरजेत कळते. सुरुवातीचे देणे ४,१०,०००. त्यात नवी कार्डे ६०,००० आणि परत आलेल्या मालाचे क्रेडिट ५,००० मिळवले. वापरलेले ८५,००० आणि अटींप्रमाणे मुदत संपलेले २,००० वजा केले. उरले ३,८८,०००. आता सॉफ्टवेअरमधल्या एकेका कार्डाची शिल्लक बेरजेला धरली आणि ती ३,९०,००० निघाली, तर २,००० रुपये कुठून आले हे शोधावेच लागते. बहुतेक वेळा कारण साधे असते. ग्राहकाचे यूपीआय अडकले, कॅशियरने बिल रद्द केले, पण तोवर चालू झालेले कार्ड बंद करायचे राहिले. पैसे आलेच नाहीत आणि कार्ड मात्र जिवंत. फरक उलटा, म्हणजे कार्डांची बेरीज कमी निघाली, तर एखादी खरेदी कार्डातून वजा होऊन बिलात न चढल्याचा संशय घ्यावा. म्हणूनच फक्त आजची शिल्लक जपून भागत नाही. प्रत्येक कार्डाची चालू झाल्यापासूनची एकूण एक नोंद, बिल नंबर आणि वेळेसह, राहावी लागते. ती असेल तर असा शोध तासाभरात लागतो.

हे देणे किती खरे असते ते दुकान बुडताना दिसते. ब्रिटनमधली एचएमव्ही ही संगीताच्या दुकानांची साखळी जानेवारी २०१३ मध्ये डबघाईला येऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि दुकानांनी गिफ्ट कार्डे घेणे बंद केले. नाताळात भेट मिळालेली कार्डे हातात घेऊन लोक दारातून परत फिरले. तारण नसलेल्या इतर देणेकऱ्यांप्रमाणे त्यांनाही रांगेत उभे राहायचे होते. ओरड झाल्यावर प्रशासकांनी २२ जानेवारीपासून कार्डे पुन्हा घ्यायला सुरुवात केली. भारतात अनेक दुकानांत चालणारी कार्डे देणाऱ्या बँकेतर कंपन्यांना न वापरलेली रक्कम बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळी ठेवावी लागते. दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला असे वेगळे खाते सक्तीचे नाही. तो पैसा रोजच्या व्यवहारात मिसळलेला असतो, आणि त्यातूनच पुढच्या हंगामाचा माल भरला जातो.