अर्धी वीज तारेतून, अर्धी गाभ्यातून

बहीण अमेरिकेहून कायमची परत आली तेव्हा सामानात तिचा कणीक मळायचा मिक्सर होता. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 व्होल्टची. मिक्सर थेट लावला असता तर जळलाच असता. म्हणून दाब अर्ध्यावर आणणारा खोका घ्यायला आम्ही बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने दोन खोके समोर ठेवले. दोन्हींवर तोच दाब आणि तेच 1000 वॅट लिहिलेले. पण एक उचलायला दोन हात लागले, दुसरा एका हातात सहज आला, आणि किंमतही बरीच कमी. बहिणीला वाटले, हलक्यात माल कमी घातला असणार. मला बरोबर उलटे माहीत होते: हलका खोका खोटा नव्हता, तो ऑटोट्रान्सफॉर्मर होता. तरीही आम्ही जडच उचलला. असे का, ते या लेखात सांगतो.

‘ऑटो’ म्हणजे इथे स्वयंचलित नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्वतः’ असा आहे. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेगळी वेटोळी असतात. पहिल्यातून घरची वीज जाते, दुसऱ्यातून उपकरणाला वीज मिळते, आणि दोघांमध्ये तारेने काहीच जोडलेले नसते. पलीकडे जाणारी सगळी शक्ती गाभ्यातल्या चुंबकत्वाच्या मार्गाने जाते. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र एकच वेटोळे असते. त्याच्या दोन टोकांना 230 व्होल्ट लावायचे आणि बरोबर मध्ये तार फोडून बाहेर काढायची, म्हणजे मधली तार आणि खालचे टोक यांच्यात 115 व्होल्ट मिळतात. अमेरिकी उपकरणाला ते चालतात. वेटोळ्याच्या वरच्या भागाला आपण ‘माळेतला भाग’ म्हणू, कारण तो लाइन आणि उपकरण यांच्यामध्ये ओवलेला आहे. खालचा ‘सामाईक भाग’, कारण तो दोन्ही बाजूंचा आहे.

आता या खोक्यावर एक उपकरण लावू आणि हिशेब पूर्ण करू. समजा उपकरण 115 व्होल्टवर 8 अँपिअर घेते. दोन्हींचा गुणाकार 920, म्हणजे त्याला 920 व्होल्ट-अँपिअर शक्ती हवी. गळती क्षणभर बाजूला ठेवली तर तेवढीच शक्ती 230 व्होल्टच्या बाजूने आत आली पाहिजे. 920 ला 230 ने भागले की 4 येतात. म्हणजे भिंतीच्या प्लगमधून 4 अँपिअर येतात आणि उपकरणात 8 अँपिअर जातात.

मग उरलेले 4 अँपिअर आले कुठून? याच प्रश्नात ऑटोट्रान्सफॉर्मरचे सगळे गणित आहे. भिंतीतून आलेले 4 अँपिअर माळेतल्या भागातून वाहत मधल्या तारेपर्यंत येतात आणि तिथून सरळ उपकरणात जातात. त्यांना गाभा ओलांडावा लागत नाही. ते तारेतून तारेतच गेले. पण वाटेत माळेतल्या भागाच्या फेऱ्यांमधून जाताना त्यांनी गाभ्यात चुंबकीय जोर निर्माण केला. तो जोर तोलायला सामाईक भागातून उलट दिशेने 4 अँपिअर वाहू लागतात, आणि तेही मधल्या तारेत येऊन मिळतात. चार आणि चार मिळून आठ.

फेऱ्यांनी ताळा करून पाहू. समजा वेटोळे 460 फेऱ्यांचे आहे, म्हणजे 230 वर आणि 230 खाली. वरच्या भागात 4 अँपिअर गुणिले 230 फेरे म्हणजे 920. खालच्या भागातही 4 गुणिले 230 म्हणजे 920, आणि दिशा उलटी. दोन्ही पारडी सारखी झाली. हे तोलणे नसेल तर ट्रान्सफॉर्मर ट्रान्सफॉर्मर राहत नाही.

आता शक्तीची वाटणी बघा. थेट तारेतून आलेले 4 अँपिअर उपकरणाला 115 व्होल्टवर मिळाले, म्हणजे 460 व्होल्ट-अँपिअर वहनाने गेले. सामाईक भागातून आलेले 4 अँपिअरही 115 व्होल्टवर मिळाले, म्हणजे आणखी 460 चुंबकीय जोडणीतून आले. 920 पैकी बरोबर अर्धी शक्ती गाभ्याने वाहिलीच नाही. म्हणून गाभा 920 चा लागत नाही, 460 चा पुरतो. तांब्याचेही तसेच. दोन वेटोळ्यांच्या खोक्यात 4 अँपिअरच्या तारेचे 460 फेरे आणि शिवाय 8 अँपिअरच्या जाड तारेचे 230 फेरे लागले असते. इथे फक्त पहिले 460 पुरतात आणि जाड तार लागतच नाही. तांबे निम्म्यावर येते. हलका खोका एका हातात आला, तो यामुळे.

गळतीतही फरक पडतो. समजा 460 चा गाभा आणि त्याची तार मिळून 23 वॅट उष्णतेत घालवतात. साध्या ट्रान्सफॉर्मरसारखे वापरले तर 460 वॅट पोचवायला 23 वॅट जातात, कार्यक्षमता सुमारे 95 टक्के. तोच माल ऑटो जोडणीत 920 वॅट पोचवतो आणि गळती तेवढीच, म्हणून कार्यक्षमता साडेसत्त्याण्णव टक्क्यांवर जाते.

वहनाचा वाटा किती, हे ठरवणारा नियम एका ओळीचा आहे:

वहनाचा वाटा = कमी दाब ÷ जास्त दाब

उरलेला वाटा चुंबकीय जोडणीचा. 230 वरून 115 ला उतरलो तर वहन 50 टक्के. दोन दाब जितके जवळ, तितका वहनाचा वाटा मोठा. घरातला स्टॅबिलायझर 250 व्होल्टचे 230 करतो तेव्हा 92 टक्के शक्ती तारेतून सरळ जाते आणि गाभ्याला 8 टक्केच उचलावी लागते. एवढासा स्टॅबिलायझर आख्खा एसी सांभाळतो, त्यामागे हेच आहे.

याच नियमावर आपल्या राज्याची मोठी वीजवाहिनीही उभी आहे. लोणीकंद, चाकण यांसारख्या 400 किलोव्होल्टच्या उपकेंद्रांत 400 वरून 220 किलोव्होल्टवर उतरायला ऑटोट्रान्सफॉर्मर वापरतात. 315 एमव्हीए हा त्यांचा एक रूढ आकार. 220 ला 400 ने भागले की 0.55 येतात. म्हणजे 315 पैकी सुमारे 173 एमव्हीए वहनाने जातात आणि गाभ्याच्या वाट्याला 142 च येतात. प्रत्येक फेजमध्ये 400 च्या बाजूने सुमारे 455 अँपिअर येतात, 220 च्या बाजूने 827 बाहेर पडतात, आणि मधला 372 अँपिअरचा फरक सामाईक भाग पुरवतो. आपल्या मिक्सरचाच हिशेब, फक्त आकडे मोठे.

मग गल्लीतल्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर असा का नसतो? तो 11,000 व्होल्टवरून 433 व्होल्टवर उतरतो. 433 ला 11,000 ने भागा: चार टक्केसुद्धा नाहीत. वाचणार जवळजवळ काहीच नाही, आणि धोका मात्र भयंकर, कारण अशा जोडणीत 11,000 व्होल्टची लाइन आणि आपल्या घरची तार एकाच वेटोळ्याला जोडलेली असती. म्हणून तिथे दोन वेगळी वेटोळीच असतात.

हाच धोका लहान रूपात त्या हलक्या खोक्यात असतो. शक्ती तारेतून जाते याचा दुसरा अर्थ, उपकरण भिंतीतल्या फेजला तारेने जोडलेले राहते. 115 व्होल्ट म्हणजे सौम्य वीज असे वाटते, पण समजा घरातल्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले आहेत. जुन्या घरांत असे नेहमी सापडते. मग सामाईक भागाचे खालचे टोक फेजवर येते. उपकरणाच्या दोन तारांमध्ये 115 व्होल्टच असतात, ते व्यवस्थित चालतेही. पण जमिनीच्या मानाने त्याची एक तार 115 वर असते आणि दुसरी, जिला आपण न्यूट्रल समजतो ती, पूर्ण 230 वर. उपकरणाचे बटण बंद केले तरी ही तार जिवंतच राहते. अमेरिकेतल्या बऱ्याच उपकरणांचा प्लग दोन पिनांचा असतो, म्हणजे अर्थिंगचाही आधार नाही.

दुसरा बिघाड आणखी फसवा. सामाईक भागाची तार कुठे तुटली, किंवा तिचा डाग सुटला, तर मधल्या तारेला खाली ओढून धरणारे काही उरत नाही. हलका भार लावला असेल, एखादे डिजिटल घड्याळ किंवा चार्जर, तर त्याला 115 ऐवजी जवळजवळ 230 व्होल्ट मिळतात आणि ते जळते. भारी उपकरण लावले तर माळेतला भाग वीज अडवून धरतो आणि दाब उलट कोसळतो. खोका हलक्या भारावर दाब चढवतो आणि जड भारावर पाडतो असे दिसले, की सामाईक भाग तुटलाय असे समजावे आणि खोका तत्काळ काढावा. दोन वेगळ्या वेटोळ्यांच्या खोक्यात कुठलेही वेटोळे तुटले तरी वीज फक्त बंद पडते. घरात वापरायला हा फरक फार मोठा आहे.

उपकेंद्रात हीच जोडणी का चालते? कारण तिथे 400 आणि 220 या दोन्ही प्रणालींचे न्यूट्रल पक्के जमिनीला बांधलेले असतात, आणि बिघाड होताच क्षणार्धात लाइन तोडणारी संरक्षण यंत्रणा असते. तिथे वहन ही बचत आहे. ओल्या हातांच्या स्वयंपाकघरात तेच वहन धोका ठरते.

तुमच्या घरी असा खोका माळ्यावर पडला असेल तर तो कोणत्या जातीचा आहे हे मिनिटभरात कळते. तो भिंतीपासून पूर्ण वेगळा करा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक खोक्याच्या इनपुट प्लगच्या फेज किंवा न्यूट्रल पिनेला लावा, दुसरे आउटपुटच्या दोन्ही भोकांना आळीपाळीने. मग इनपुटची दुसरी पिन घेऊन तेच करा. काही ओहम दाखवले तर आतून तार जोडलेली आहे, म्हणजे तो ऑटोट्रान्सफॉर्मर. काहीच जोडणी दिसली नाही तर वेटोळी वेगळी आहेत.

ऑटोट्रान्सफॉर्मर निघाला तर तो टाकून देऊ नका, पण ज्या सॉकेटला तो लावणार त्याचा फेज उजव्या बाजूला आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि पाण्याजवळच्या किंवा लहान मुलांच्या हातातल्या उपकरणाला तो लावू नका. त्यासाठी जड खोकाच घ्या. त्यात वाढलेले वजन म्हणजे तुम्ही आणि भिंतीतली फेज यांच्यामधले अंतर आहे.