जुनी नुकसानी, आजच्या भावात

आपण विमा कंपनीकडे विमा उतरवतो आणि ती कंपनी स्वतःचा विमा पुनर्विमा कंपनीकडे उतरवते. हा बहुधा वर्षभराचा करार असतो. त्याला ट्रीटी म्हणतात. भारतात बहुतेक ट्रीट्यांचं नूतनीकरण 1 एप्रिलला होतं. त्यामुळे छोट्या कंपनीच्या पुनर्विमा खात्यात दिवाळीनंतर एकच काम सुरू असतं, ते म्हणजे सबमिशन तयार करण्याचं. दहा वर्षांत काय जळलं, काय बुडालं आणि आता आपण कशाकशाचा विमा उतरवतो, याचा हा लेखाजोखा ब्रोकरमार्फत मुंबईच्या जीआयसी रीपासून परदेशी कंपन्यांपर्यंत जातो.

एक काल्पनिक छोटी कंपनी घेऊ. ती आगीचे विमे उतरवते. कोणत्याही एका जागेच्या नुकसानीतले पहिले 5 कोटी ती स्वतः सोसते आणि त्यावरचे 15 कोटी पुनर्विमा कंपनी देते. म्हणजे 20 कोटींपर्यंत संरक्षण आहे. दहा वर्षांत चार मोठ्या आगी लागल्या: 2017 मध्ये कापसाच्या जिनिंगमध्ये 8 कोटींची, 2019 मध्ये रसायनांच्या कारखान्यात 4 कोटींची, 2021 मध्ये कापड प्रक्रिया कारखान्यात 11 कोटींची आणि 2023 मध्ये गोदामात 6 कोटींची. पुनर्विमा कंपनीच्या वाट्याला त्यातले अनुक्रमे 3, शून्य, 6 आणि 1 असे एकूण 10 कोटी आले.

पण हा हिशेब त्या त्या वर्षाच्या भावातला आहे. तेच यंत्र आणि तीच इमारत आज पुन्हा उभी करायची तर जास्त पैसे लागतील. खर्च दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढला असं धरून चारही आगी 2026 च्या भावात मांडल्या, तर जिनिंगची आग साधारण साडेतेरा कोटींची होते आणि 4 कोटींची आग 6 कोटींवर जाते. कंपनीचे 5 कोटी मात्र तेवढेच राहतात. वाढीचा सगळा भार त्यांच्यावरच्या थरावर पडतो, म्हणून 10 कोटींचे 21 कोटींहून थोडे अधिक होतात. 4 कोटींची आग आधी या थराला शिवलीच नव्हती, ती आता त्यात शिरते. म्हणूनच सबमिशनमध्ये फक्त 5 कोटींवरचे दावे देऊन भागत नाही. निम्म्या रकमेपासूनचे, म्हणजे अडीच कोटींपासूनचे सगळे दावे द्यावे लागतात. हप्त्याचे जुने आकडेही आजच्या दरांवर आणावे लागतात, नाहीतर तुलना एकतर्फी होते.

आता समजा कंपनीने 2022 मध्ये जिनिंगचा धंदा बंद केला. मग ती आग इतिहासातून काढावी का? माझ्या मते काढावी, कारण तो धोका आता उरलेला नाही. असं केल्यावर 21 कोटींचे सुमारे 13 कोटी होतात. मात्र दहा वर्षांत जिनिंगकडून मिळालेला हप्ताही त्याच वेळी वजा झाला पाहिजे. आग काढली आणि हप्ता ठेवला, तर इतिहास खोटाच गोड दिसतो. पुनर्विमा कंपनीतला अनुभवी माणूस हीच जागा पहिल्यांदा तपासतो.

त्याहून अवघड बाजू नव्या धंद्याची असते. जिनिंगच्या जागी कंपनीने भिवंडीची मोठी गोदामं घेतली. दोन वर्षांत तिथे एकही मोठा दावा आला नाही, पण एवढ्या थोड्या काळावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी इतिहासापेक्षा जोखमीचा तक्ता कामाला येतो. किती रकमेचे किती विमे आहेत आणि त्यांचा हप्ता किती, हे त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं. समजा तीन गोदामांची विमा रक्कम प्रत्येकी 35 कोटी निघाली. त्यातलं एक पूर्ण जळालं, तर 20 कोटींच्या वरचे 15 कोटी पुन्हा छोट्या कंपनीच्याच डोक्यावर येतील. दोन गोदामांमध्ये पुरेसं अंतर किंवा आगरोधक भिंत नसेल, तर ती एकच जोखीम धरायची की दोन, हेही कंपनीने स्वतःहून स्पष्ट करायला हवं. इथे गप्प बसणं मला घातक वाटतं, कारण हा वाद पुढे दाव्याच्या वेळी उफाळतो.

मिटायचे राहिलेले दावेही नीट मांडावे लागतात. 2023 च्या गोदामाचे 2 कोटी दिले गेले आणि 4 कोटी बाकी आहेत. गेल्या वर्षी हाच दावा एकूण साडेचार कोटींचा दाखवला होता. पुनर्विमा कंपनी जुनं सबमिशन जपून ठेवते आणि आकडे शेजारी ठेवून पाहते. फरकासोबत सर्व्हेयरचा नवा अंदाज आणि वाढीचं कारण दोन ओळींत लिहिलेलं असेल, तर बहुधा प्रश्न तिथेच मिटतो. काहीच लिहिलेलं नसेल, तर कंपनी आपले दावे कमी धरते असा अर्थ काढला जातो आणि उरलेल्या प्रत्येक खुल्या दाव्यावर आपल्या अंदाजाने रक्कम चढवून दर सांगितला जातो.