रँक हातात नसते, चूक असते

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्युशन एरियात आणि नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘पेपरच अवघड आला, नशीब नव्हतं.’ दुसरं, ‘माझंच चुकलं, मी अभ्यासात कमी पडलो.’ पहिलं वाक्य बोलणाऱ्याला आपण पळपुटा समजतो आणि दुसऱ्याला प्रामाणिक. मानसशास्त्रात या दोन वाक्यांवर साठ वर्षांहून अधिक काळ काम झालं आहे. त्या कामाचा आधार घेतला तर हा निवाडा इतका सोपा राहत नाही.

ज्युलियन रॉटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये 29 जोडवाक्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक जोडीतलं एक वाक्य निवडायचं. एका वाक्यात घटनेचं कारण माणसाच्या वागण्यात असतं, दुसऱ्यात नशिबात, परिस्थितीत किंवा बड्या लोकांच्या हातात. सहा जोड्या नुसत्या भरतीच्या, उरलेल्या 23 मोजायच्या. आपल्या आयुष्यातल्या गोष्टींची सूत्रं कुठे आहेत असं माणूस धरून चालतो, हे यातून कळतं. याला ‘लोकस ऑफ कंट्रोल’ म्हणतात, मराठीत नियंत्रणस्थान. सूत्रं आपल्याकडे आहेत असं मानणारा आंतरिक, बाहेर आहेत असं मानणारा बाह्य.

त्याच वर्षी अमेरिकेत शाळांच्या विषमतेवर जेम्स कोलमन यांचा मोठा सरकारी अहवाल आला. त्यात सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत शाळेची इमारत, ग्रंथालय, शिक्षकांची पात्रता या सगळ्यांपेक्षा ‘माझ्या हातात काही आहे’ या भावनेचा गुणांशी जास्त संबंध दिसला. तेव्हापासून हा विषय शिक्षणात रुजला. पुढे 1983 मध्ये मॉरीन फिंडली आणि हॅरिस कूपर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. आंतरिक विद्यार्थ्यांचे गुण जास्त, हे खरं निघालं. पण दोन्हींमधला सहसंबंध सरासरी 0.18 होता. म्हणजे मुलामुलांच्या गुणांत जो फरक असतो, त्यातला जेमतेम तीन टक्के या एका भावनेशी जुळतो. शिवाय गाडी उलट्या दिशेनेही धावते. चांगले गुण पडत गेलेल्या मुलाला सूत्रं आपल्या हातात आहेत असं वाटणारच.

मग या भावनेत काही दम आहे की नाही? आहे, पण तो कुठे आहे हे नीट पाहावं लागतं. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. मुलगी काल्पनिक आहे, आकडे मात्र नीटच्या नियमांचे. मुखेड तालुक्यातली मुलगी, लातूरला खोली करून राहिलेली, मेसचा डबा, दुसरा प्रयत्न. सराव परीक्षेत फिजिक्सचे 45 प्रश्न. तिने 36 सोडवले, 22 बरोबर, 14 चूक. बरोबरचे चार-चार गुण, चुकीचा एक वजा. म्हणजे 88 वजा 14, एकूण 74. ती म्हणते, ‘मला फिजिक्स येतच नाही.’

हे वाक्य वरवर आंतरिक आहे. दोष ती स्वतःकडेच घेते आहे. पण बर्नार्ड वायनर या अभ्यासकाने दाखवून दिलं की कारण आतलं असणं आणि ते बदलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘येतच नाही’ हे आतलं कारण आहे, पण कायमचं आणि हाताबाहेरचं. अशा मुलीला ‘सगळं तुझ्याच हातात आहे’ असं सांगितलं तर ती आणखी खचते. हातात आहे आणि तरी जमत नाही, म्हणजे आपणच नालायक, एवढाच अर्थ तिच्या मनात उरतो.

आता तिच्या 14 चुका एकेक करून पाहू. पाच ठिकाणी पद्धत बरोबर होती, पण आकडेमोडीत किंवा एककात घोळ झाला. दोन ठिकाणी प्रश्नातला ‘नाही’ वाचायचा राहिला किंवा ओएमआरवर भलताच गोळा भरला गेला. चार ठिकाणी नुसता अंदाज मारला होता. उरलेल्या तिन्हींत संकल्पनाच कळलेली नव्हती. पहिले सात प्रश्न सुधारले तर प्रत्येकी पाच गुणांचा फरक पडतो, कारण वजा एक जाऊन अधिक चार येतात. ते झाले 35. चार अंदाज सोडून दिले तर आणखी चार वाचतात. एक ओळ नवी न शिकता 74 चे 113 होऊ शकतात. प्रत्यक्षात सगळ्या चुका टळत नाहीत, पण निम्म्या टळल्या तरी आकडा हलतो. त्या तीन संकल्पनांसाठी मात्र शिकवणाऱ्याकडेच जावं लागेल. ‘फिजिक्स येत नाही’ या एका दगडाचे असे चार तुकडे झाले की त्यातले तीन उचलता येतात.

कारण बदललं की निकाल बदलतो का, हे टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी 1982 मध्ये तपासलं. कॉलेजात पहिल्या वर्षी गुण घसरल्याने धास्तावलेल्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं की पहिल्या वर्षी बहुतेकांचं असंच होतं आणि पुढे गुण सुधारतात. वरच्या वर्गातल्या मुलांचे तसे अनुभवही दाखवले. पुढे या गटाचे गुण वाढले आणि कॉलेज सोडणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा बरंच कमी राहिलं. विद्यार्थी थोडेच होते, म्हणून या प्रयोगावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण ‘तुझ्यातच खोट आहे’ याऐवजी ‘ही अडचण तात्पुरती आहे’ हे पटलं की मूल पुन्हा पुस्तक उघडतं, एवढं त्यातून दिसतं.

लातूर पॅटर्नचं मूळ बळही मला इथेच दिसतं. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात जी शिस्त उभी राहिली, तिचा गाभा अभ्यासक्रम लवकर संपवून पुन्हा पुन्हा चाचण्या घेणं हा होता. चाचणी झाली की आपली चूक आठवड्याच्या आत आपल्यासमोर येते. ग्रामीण भागातून आलेल्या, घरात कुणीही न शिकलेल्या मुलाला प्रयत्न आणि निकाल यांतला धागा इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसत होता. आज क्लासमध्ये चाचण्या तेवढ्याच, किंबहुना जास्त होतात. पण पेपर झाला की बोर्डावर लागते ती रँक. पेपर समोर ठेवून चुका तपासायला वेळ उरत नाही.

आणि रँक मुलाच्या हातात नसते, हे स्पष्ट सांगायला हवं. 2024 मध्ये नीटला 23 लाखांहून अधिक मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला असता तरी जागा तेवढ्याच राहिल्या असत्या. त्या वर्षी 720 पैकी 720 मिळवणारे आधी 67 जण होते, फेरनिकालानंतर 17 राहिले. 2025 मध्ये फिजिक्स अवघड गेलं आणि देशात पहिल्या आलेल्याला 686 गुण होते. खुल्या गटाची पात्रतेची किमान रेषा 162 वरून 144 वर आली. ज्या मुलाचे गुण वर्षभरात घसरले, त्याची रँक कदाचित तिथेच राहिली असेल. 2024 च्या जूनमध्ये पेपरफुटीचा तपास तर लातूरपर्यंत आला. अशा वर्षी ‘पेपर अवघड आला’ किंवा ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणणाऱ्याला पळपुटा म्हणणं चूक आहे. त्याने वस्तुस्थिती ओळखली आहे. रॉटर यांनीही 1975 मध्ये लेख लिहून बजावलं होतं की आंतरिक म्हणजे चांगला आणि बाह्य म्हणजे वाईट, असा अर्थ कुणी काढू नये.

आरोग्याच्या बाबतीत या दोन्ही बाजू जास्त ठळकपणे दिसतात. ब्रिटनमध्ये 1970 साली जन्मलेल्या मुलांना दहाव्या वर्षी असेच प्रश्न विचारले होते. तिसाव्या वर्षी त्यांतल्या साडेसात हजारांहून अधिक जणांची माहिती पाहिली, तेव्हा लहानपणी आंतरिक असलेल्यांमध्ये लठ्ठपणा आणि मानसिक त्रास काहीसा कमी आढळला. तब्येत आपल्या हातात आहे असं मानणारा माणूस चालायला जातो, सिगारेट सोडतो, असा त्यामागचा सरळ तर्क.

पण केनेथ आणि बार्बरा वॉल्स्टन यांनी रॉबर्ट डीव्हेलिस यांच्यासोबत 1978 मध्ये आरोग्यासाठी वेगळी मोजपट्टी केली. तिच्यात आत-बाहेर अशी दोनच टोकं ठेवली नाहीत. आपण स्वतः, डॉक्टरांसारखी जाणती माणसं आणि नशीब असे तीन भाग केले. हा भेद आपल्या घराघरांत कामाचा आहे. शुगर असलेल्या वडिलांनी ‘डॉक्टर सांगतील तसं’ म्हणत गोळ्या वेळेवर घेतल्या, तर सूत्रं दुसऱ्याकडे सोपवूनही त्यांचं भलंच होतं. उलट ‘माझं मी बघतो’ म्हणत गोळ्या बंद करून काढे घेणारा काका पक्का आंतरिक असतो आणि एक दिवस पायाची जखम घेऊन दवाखाना गाठतो.

या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट शेतकऱ्याची आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात शर्मन जेम्स या संशोधकाला जॉन हेन्री मार्टिन नावाचे वृद्ध कृष्णवर्णीय शेतकरी भेटले. वाट्याच्या शेतीतल्या गरिबीतून, कर्जातून रात्रंदिवस राबत त्यांनी चाळिशीपर्यंत 75 एकर जमीन स्वतःची केली. पन्नाशी उलटल्यावर उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटातला अल्सर यांनी त्यांना ग्रासलं. जेम्स यांनी 1983 मध्ये तिथल्या कष्टकरी पुरुषांचा रक्तदाब मोजला. ‘जोर लावला की सगळं जमतं’ असं घट्ट मानणारे, पण शिक्षण कमी असलेले जे होते, त्यांचा रक्तदाब सर्वांत जास्त भरला. पुढचे अभ्यास सगळीकडे एकसारखे आले नाहीत. तरी साधनं हातात नसताना सगळा भार मनगटावर घेतला तर शरीर त्याची किंमत मोजतं, ही शक्यता जेम्स यांनी समोर आणली. दोन एकर विकून पोराला लातूरला ठेवणाऱ्या बापाला आणि ते जाणणाऱ्या पोराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. लेकराला फोन केला की ‘किती आले?’ याच्या आधी ‘कोणत्या प्रकारच्या चुका झाल्या?’ हे विचारा. ‘तू ठरवलंस तर काहीही करशील’ हे वाक्य बाजूला ठेवा. क्लासचालकांनी रँकच्या यादीइतकाच वेळ चुकांच्या तपासणीला द्यावा. बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी, कृषी यांची माहिती निकालाआधीच घरात येऊ द्या, म्हणजे एका यादीवर सगळं आयुष्य टांगलं जाणार नाही. आणि मुलाची झोप, जेवण, बोलणं दोन आठवडे बिघडलेलं दिसलं किंवा जगण्याचाच कंटाळा त्याच्या बोलण्यात आला, तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.