चार वाजता रेडिओपाशी

रोज दुपारी रेडिओवर कसोटी ऐकणाऱ्या आजोबांची गोष्ट लिहायची असेल, तर १९७१ची ओव्हल कसोटी घ्यावी. लंडनला सकाळी साडेअकराला खेळ सुरू झाला की आपल्याकडे चार वाजत. वामकुक्षी, चहा आणि मग रेडिओ, असा म्हाताऱ्या माणसाचा दिवस त्या वेळेत नेमका बसतो.

या सामन्याचा दुसरा दिवस पावसाने गेला आणि रविवार विश्रांतीचा होता. गोष्टीला हेच रिकामे दिवस फार मोलाचे. ऐकायला काही नसताना आजोबा काय करतात, त्यातूनच ते कळतात.

सोमवारी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या सतत बदलणाऱ्या थरावरून परततात, त्यामुळे आवाज जातो-येतो. म्हणून गोष्टीत प्रेक्षकांचा गलका ऐकू यावा, पण बाद झालेल्याचं नाव नेमकं बुडावं.

मंगळवारी गणेश चतुर्थी. अजून ९७ धावा हव्यात आणि वाडेकर सुरुवातीलाच धावबाद. संध्याकाळच्या आरतीला सून हाका मारते आहे. मी आजोबांना उठवणार नाही, अबिद अलीचा विजयी चौकार जाईपर्यंत.