लग्नाच्या फोटोंची लिंक

लग्नाचे आठशे फोटो, प्रत्येकी दहा एमबी, म्हणजे आठ जीबी. हे सगळं मूळ आकारात नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलं, तर गावाकडच्या आत्याबाईंचा फोन भरून जातो आणि त्या शेवटी एकही फोटो बघत नाहीत.

पाहुण्यांसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेलची प्रत पुरते. चार बाय सहा इंचाच्या छान प्रिंटला १८०० पिक्सेल लागतात. मूळ फाइल लागते ती अल्बमवाल्याला.

खरी अडचण परवानगीची. गूगल ड्राइव्हवर ‘Anyone with the link’ निवडलं, की लिंक फॉरवर्ड झालेला अनोळखी माणूसही फोटो उघडू शकतो. ‘Restricted’मध्ये प्रत्येकाचा ईमेल घालावा लागतो, दोनशे पाहुण्यांसाठी ते जमत नाही. म्हणून मांडवातले फोटो खुल्या लिंकवर, हळदीचे आणि लहान मुलांचे घरच्यांपुरते ठेवावेत.

मात्र घरगुती फोल्डर खुल्या फोल्डरच्या आत ठेवला, तर तोही सहसा खुला होतो! तो बाहेर, वेगळाच हवा. खात्री करायला लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडावी: जे तिथे दिसेल, ते कुणालाही दिसेल. महिन्याभराने लिंक बंद करता येते, पण तोवर डाउनलोड झालेले फोटो परत येत नाहीत.