दोन दिवाळ्यांचं वर्ष

सुरगाण्यात माझ्या मेहुण्याचं कापडाचं छोटं दुकान आहे आणि त्याची वही मी लिहितो. बी.ए.ला मराठी घेतलं, पुढची सगळी वर्षं कवितेतल्या मात्रा मोजण्यात घालवली. तेव्हा या माणसाला बेरीज तरी जमेल, असं त्याला वाटलं असावं. वही साधीच आहे. एका रकान्यात महिना, दुसऱ्यात त्या महिन्याची विक्री. वर्षाला बारा ओळी.

आमच्याकडे होळी-दिवाळीला गिऱ्हाईक येतं आणि भातलावणीत दुकान ओस पडतं. त्यामुळे जुलैची जूनशी तुलना करून काही कळत नाही. म्हणून मी दोन बेरजा ठेवतो. पहिली जानेवारीपासून चालू महिन्यापर्यंतची. ती मागच्या वर्षीच्या तेवढ्याच महिन्यांशी ताडायची. दुसरी सरकती बेरीज, म्हणजे कायम शेवटच्या बारा महिन्यांची. नवा महिना आला की तो मिळवायचा आणि मागच्या वर्षीचा तोच महिना वजा करायचा. पावसाळा, सणवार सगळं एकेकदा तिच्यात येतं, म्हणून ती धंद्याचा खरा कल दाखवते.

असं मी समजत होतो.

२०२४ च्या ऑक्टोबरअखेर मी आकडे मांडले. सोयीसाठी ते हजारांत आणि गोळाबेरीज सांगतो. २०२३ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर ५४० आणि ऑक्टोबरचे ६०, एकूण ६००. २०२४ मध्ये त्याच नऊ महिन्यांचे ५१० आणि ऑक्टोबरचे १४५, एकूण ६५५. म्हणजे नऊ टक्के वाढ! सरकती बेरीजही सप्टेंबरअखेर ७७० होती, ती ८५५ वर गेली. मेहुणा म्हणाला, “दुल्हेभाई, दोन्ही हिशेब एकच सांगतात, मग घाबरायचं कशाला?” त्यानं सुरतेहून होळीसाठी दुप्पट माल उधारीवर भरला. मीही मान डोलावली.

नोव्हेंबर संपला तेव्हा वर्षारंभापासूनची बेरीज ७१० भरली. आदल्या वर्षी नोव्हेंबरअखेर ती ७५० होती. सरकती बेरीज तर ८५५ वरून ७६० वर उतरली. विक्री महिन्याभरात कोसळली नव्हती. ती वर्षभर हळूहळू घटतच होती आणि ऑक्टोबरनं ते झाकलं होतं.

कारण पंचांगात होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दिवाळी लांबली; लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. त्या दिवाळीची खरेदी बहुतेक नोव्हेंबरात झाली, त्या महिन्याचे आमचे १५० होते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, म्हणून खरेदी ऑक्टोबरात उरकली आणि नोव्हेंबरला उरले ५५. ऑक्टोबरअखेरची तुलना करताना मी दिवाळी झालेल्या दहा महिन्यांसमोर दिवाळी न झालेले दहा महिने ठेवले होते. आणि नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ या बारा महिन्यांत दिवाळीची खरेदी दोनदा आली होती. दोन्ही बेरजा एकच सांगत होत्या, कारण दोघींची चूक एकच होती.

२०२६ मध्ये हे उलटं होतं. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि २०२६ चं ८ नोव्हेंबरला. म्हणजे नोव्हेंबर २०२५ ते ऑक्टोबर २०२६ या बारा महिन्यांत दिवाळीची बरीचशी खरेदी सापडतच नाही. ऑक्टोबरअखेर वही घसरण दाखवते, मग धंदा ठीक चाललेला का असेना.

दिवाळीला निदान अधिक महिना मागे खेचून आणतो. ईदला तशी सोय नाही. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ ची रमजान ईद ११ एप्रिलला होती, २०२५ ची ३१ मार्चला. ज्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, त्यांच्या २०२४-२५ मध्ये दोन ईदी बसल्या. पुढची ईद मार्च २०२६ मध्ये आली, तेव्हा २०२५-२६ ला एकच मिळाली. ईदच्या कपड्यांवर चालणाऱ्या दुकानाला २०२५-२६ मध्ये खोट दिसली, तर आधी हे पाहावं.

आता आमच्या वहीत तिसरा रकाना आहे. त्या महिन्यात कोणत्या सणाची खरेदी झाली, ते त्यात लिहितो. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचे सण मोजतो. दिवाळीपुरतं नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबलं की पुरतं, कारण तोवर दोन्हीकडे एकेक दिवाळी झालेली असते. शिवाय डिसेंबरअखेर दोन्ही बेरजा तंतोतंत जुळायलाच हव्यात, कारण तेव्हा दोन्हींत तेच बारा महिने असतात. जुळल्या नाहीत, तर मिळवता-वजा करताना कुठे तरी चूक झालेली असते आणि ती पुढच्या प्रत्येक महिन्यात तशीच चालत राहते. २०२४ ला दोन्ही ७५५ आल्या. माझी बेरीज बरोबर होती.

सुरतेच्या त्या मालातले काही तागे अजून वरच्या फळीवर आहेत. मेहुणा ते उतरवत नाही आणि मी त्यांच्याकडे पाहत नाही.