टूजीचा उघडा दरवाजा

१९९१ साली फिनलंडमध्ये जीएसएमवरून पहिला कॉल झाला, तेव्हा खोटा मनोरा उभा करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. त्या टूजी रचनेत मोबाइल मनोऱ्याला आपली ओळख पटवतो, मनोरा मात्र मोबाइलला काहीच पटवत नाही. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाइल कॉल झाला, तो याच रचनेवर. थ्रीजीपासून दोन्ही बाजूंची तपासणी आली, पण फोनमधले टूजी तसेच राहिले.

२०१० मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत एका संशोधकाने सुमारे दीड हजार डॉलरच्या सामानातून खोटा मनोरा उभा करून दाखवला. पुढे ते तंत्र भामट्यांच्या हाती गेले. २०२२ च्या अखेरीस पॅरिसमध्ये असे यंत्र घेऊन फिरणारी मोटार पोलिसांनी पकडली. त्यातून आरोग्यविम्याच्या नावाने खोटे संदेश जात होते. यंत्र आधी जोरदार फोरजी सिग्नल देऊन फोनला ओढते, मग टूजीवर ढकलते आणि संदेश थेट फोनमध्ये टाकते. तो संदेश कंपनीच्या जाळ्यातून जातच नाही. त्यामुळे आपल्याकडे ट्रायने सक्तीची केलेली प्रेषकनावांची नोंदणीही इथे निरुपयोगी ठरते. शहरात फोरजी भरपूर असताना अचानक ‘E’ किंवा ‘G’ दिसले आणि पाठोपाठ बँकेची लिंक आली, तर ती उघडू नये.

२०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये टूजी बंद करण्याचा पर्याय आला, पण फोनच्या मोडेमची साथ असेल तरच तो दिसतो. सिमच्या सेटिंगमध्ये तो बहुधा ‘Allow 2G’ या नावाने सापडतो. आयफोनमध्ये २०२३ च्या आयओएस १७ पासून लॉकडाऊन मोड टूजी बंद करतो; मात्र त्याबरोबर इतरही बरीच बंधने येतात.

किंमत मोजावी लागते ती रेंजमध्ये, आणि ती सर्वांना सारखी नसते. जिओचे स्वतःचे टूजी जाळेच नाही, त्यामुळे त्या ग्राहकाला गमावण्यासारखे फारसे काही नाही. एअरटेलने २०२० पर्यंत थ्रीजी बंद केले. तिथे फोरजी तुटले की खाली थेट टूजीच उरते. समजा, सह्याद्रीच्या एखाद्या खोऱ्यातल्या घरात एअरटेलचा फोन आहे. अंगणात फोरजीची एक काडी, माजघरात तीही नाही, पण दूरच्या मनोऱ्याचे टूजी आत पोचते. टूजी बंद केले की माजघरात फोन मुका होतो. व्होल्टी बंद असेल तर अंगणातही कॉल लागत नाही, कारण फोरजीवरचा फोन कॉलसाठी टूजीवरच उतरतो. म्हणून आधी व्होल्टी चालू करावे, मग टूजी बंद करून घरातून, शेतातून, रोजच्या वाटेवरून कॉल करून पाहावेत. अँड्रॉइडमध्ये आपत्कालीन कॉलला टूजी तरीही मिळते.

माझ्या मते शहरात ते बंदच असावे आणि घाटात शिरताना चालू करावे. फोरजीवरून ओळखक्रमांक टिपणारी यंत्रे यानेही थांबत नाहीत. आणि ज्यांच्याकडे फक्त टूजीवर चालणारा बटणांचा फोन आहे, त्यांना यातले काहीच निवडता येत नाही.